दंड कुठे, पूर्णविराम कुठे? संपादक आणि मुद्रितशोधकांना खुले पत्र

मराठी लेख संपादित करणाऱ्या, तपासणाऱ्या आणि प्रसिद्ध करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

एकाच लेखात पहिले वाक्य '।' या दंडाने संपते, दुसरे पूर्णविरामाने आणि तिसऱ्याच्या शेवटी इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ असते, असे मजकूर आता रोज समोर येतात. तक्रार आली की कोणीतरी 'शोधा आणि बदला' चालवून सगळे दंड एका झटक्यात काढून टाकतो आणि लेख स्वच्छ झाला असे समजतो. तसा तो होत नाही. त्या झटक्यात लेखातला अभंग मोडतो, एखाद्या आकड्याचा अर्थ बदलतो आणि खरा गोंधळ जिथे असतो ती प्रश्नचिन्हे जशीच्या तशी राहतात. म्हणून हे काम कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे यंत्रावर विसंबू नये, हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी संकेत काय आहे ते पाहू. आजच्या मराठी गद्यात विधान पूर्णविरामाने संपते आणि प्रश्न प्रश्नचिन्हाने. दंड गद्यात येत नाही. तो संस्कृत श्लोकांत, ओव्यांत, अभंगांत आणि आरत्यांत येतो. तिथे एका दंडाने चरण किंवा अर्धा श्लोक संपतो आणि दोन दंडांनी कडवे किंवा श्लोक. पत्रिकेच्या माथ्यावरचे '॥ श्री ॥' हेही त्याच परंपरेतले. हिंदीत मात्र गद्य वाक्याच्या शेवटी आजही दंड हेच रूढ चिन्ह आहे, आणि लिपी एकच असल्यामुळे तो मराठीत सहज शिरतो.

'दंड आपला, पूर्णविराम परका' हा युक्तिवाद आम्हाला माहीत आहे. मराठीत विरामचिन्हांची आजची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली. तिचे श्रेय साधारणपणे मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कामातले हेच कँडी. त्याआधीच्या मोडी लेखनात वाक्यागणिक चिन्ह देण्याची पद्धत नव्हती. बऱ्याचदा दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसे. म्हणजे पूर्णविरामाने मराठी गद्यातून दंडाला हुसकावून लावले, असे काही घडलेले नाही. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह आणि पूर्णविराम ही एका पद्धतीची चिन्हे आहेत. ज्यांना दंड हवा असतो तेही स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह सोडत नाहीत, यातच या वादाचे उत्तर आहे. १९६२ आणि १९७२चे लेखनविषयक नियम अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ अशा बाबींचे आहेत. वाक्यान्तीच्या चिन्हाला आधार आहे तो रूढ छपाईचा, आणि ती रूढी याबाबत पुरेशी एकमुखी आहे.

त्या नियमांमधला एक नियम मात्र इथे नेमका उपयोगी पडतो. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतले उतारे मुळाप्रमाणे छापावेत, असे तो सांगतो. अवतरणातला दंड का राखायचा, याचे तयार उत्तर त्यात आहे. जुना अभंग उद्धृत करताना त्याचे दंड जसेच्या तसे राहतात. कडव्याच्या शेवटी '॥१॥' असेल तर त्यापुढे पूर्णविराम लावायचा नाही, कारण वाक्य तिथे आधीच थांबलेले असते. आधुनिक कवितेला हा नियम लागू होत नाही. कवीने जी चिन्हे दिली तीच ठेवावीत. हिंदी लेखकाची पूर्ण वाक्ये मूळ हिंदीत उद्धृत केली असतील तर अवतरणाच्या आत दंड राहू द्यावा, असे आमचे मत आहे. भाषांतर करून दिली असतील तर ती मराठी वाक्ये झाली, तिथे पूर्णविरामच हवा.

आता हा दंड येतो कुठून? सर्वांत मोठा ओघ हिंदीतून भाषांतरित किंवा उतरवून घेतलेल्या मजकुराचा असतो. भाषांतर करणाऱ्याचे लक्ष शब्दांवर असते, वाक्याच्या टोकाकडे नसते. दुसरे कारण कळफलक. हिंदीच्या इनस्क्रिप्ट रचनेत शिफ्ट धरून पूर्णविरामाची कळ दाबली की दंड उमटतो, आणि फोनवर हिंदी कीबोर्ड निवडलेला राहिला तरी तेच घडते. तिसरे कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने. हिंदीसाठी बनवलेले साधन मराठी फाइलवर चालवले की चिन्हांची अदलाबदल होते. लेखात दंड कुठे कुठे आहेत ते पाहिले तर कारण बहुधा ओळखता येते. एखाद्या परिच्छेदात सगळेच दंड आणि पुढच्यात एकही नाही, असे असेल तर तो परिच्छेद दुसरीकडून आलेला आहे. तिथे चिन्हांआधी भाषा तपासावी. 'के लिए'चे 'च्या साठी' झालेले आणि दंड राहून गेलेला, अशी जोडी हमखास सापडते.

डोळ्यांना सारखी दिसणारी चिन्हे यंत्रासाठी वेगळी असतात, हे या कामात सतत ध्यानात ठेवावे लागते. दंडाचा युनिकोड क्रमांक U+0964 आणि दुहेरी दंडाचा U+0965. दंडाच्या जागी टंकलेली उभी रेघ म्हणजे U+007C, आणि दंड शोधल्यावर ती सापडत नाही. 'डॉ॰' असे लिहिताना हिंदीत वापरले जाणारे पोकळ टिंब U+0970 आहे. मराठीत त्याजागी साधे टिंबच रूढ आहे. समोरचे चिन्ह नेमके कोणते याची शंका आली तर वर्डमध्ये त्याच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवून Alt+X दाबावे. चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक दिसतो आणि पुन्हा दाबले की चिन्ह परत येते. वर्डच्या शोधपेटीत दंडासाठी ^u2404 आणि दुहेरी दंडासाठी ^u2405 लिहिता येते.

एक नमुना घेऊ. हा उतारा आम्ही मुद्दाम तयार केला आहे, पण यातली प्रत्येक चूक नेहमीची आहे.

"चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते ।पण प्रत्येक पौर्णिमेला ते का होत नाही ? असा प्रश्न अनेकांना पडतो। याचे कारण चंद्राच्या कक्षेचा कल आहे. हा कल सुमारे ५।१ अंशांचा असतो। ग्रहण कधी लागेल हे गणिताने आधीच सांगता येते? ते उघड्या डोळ्यांनी पाहावे का.? हो|"

इथे सरसकट दंडाच्या जागी पूर्णविराम घातला तर पहिल्या वाक्याचे 'होते .पण' होते. टिंबाआधी मोकळी जागा आणि नंतर काहीच नाही. हिंदी आणि संस्कृत छपाईत दंडाआधी थोडी जागा सोडण्याची पद्धत आहे. ती जागा दंड गेल्यावरही मागे राहते. पडद्याची रुंदी बदलली की ओळ कधीकधी नेमकी त्या जागेवर तुटते आणि पुढची ओळ एकट्या टिंबाने सुरू होते. दंडानंतरची जागा नसेल तर उलटी अडचण. 'होते.पण' हे शोधयंत्राला आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाला एकच शब्द वाटू शकते.

म्हणून जागांची दुरुस्ती दंड हा दंड असतानाच करावी. एकदा त्याचे टिंब झाले की ते 'डॉ.', 'इ.स.', 'कि.मी.' आणि '१०.३०' यांच्या टिंबांत मिसळते. मग वाक्य संपवणारे कोणते आणि लघुरूपाचे कोणते, हे कोणत्याही सूत्राने वेगळे काढता येत नाही. दंड वेगळा दिसतो तोवर त्याच्याकडून हवे ते काम करून घेता येते.

लिबरऑफिसच्या 'शोधा आणि बदला'मध्ये नियमित पदावल्यांचा म्हणजे 'Regular expressions'चा पर्याय सुरू केला की पुढचे चार शोध याच क्रमाने चालवता येतात. त्याआधी लेखातील श्लोक, ओव्या आणि हिंदी अवतरणे दुसऱ्या फाइलमध्ये हलवून त्यांच्या जागी खूण ठेवावी. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण टाळला तर पुढे प्रत्येक कडवे हाताने पुन्हा जुळवावे लागते.

```
१  \u0964\u0964                    →  ॥
२  (?<=[०-९])\u0964(?=[०-९])       →  .
३  \u0964(?=[\u0904-\u0939])       →  । आणि एक मोकळी जागा
४  \s*\u0964                       →  .
```

पहिला शोध दोन सुटे दंड जोडून केलेला दुहेरी दंड पकडतो. तो राहिला तर चौथ्या टप्प्यावर दोन टिंबे शेजारी उभी राहतात. दुसरा अंकांमधल्या दंडासाठी आहे. इथे 'सर्व बदला' दाबू नये, एकेक ठिकाण पाहावे. '५।१' हा दशांश आहे, पण तसाच दंड तारखेत किंवा जुन्या हिशेबी आकड्यांतही सापडू शकतो, आणि तिथे टिंब घातले तर आकड्याचा अर्थ बदलेल. दुसरा टप्पा वगळला तरी चौथा त्या दंडाचे टिंब करतोच, फक्त तेव्हा आपण तो पाहिलेला नसतो. तिसरा शोध दंडाला चिकटून आलेले अक्षर पुढे ढकलतो. चौथा, दंडाआधीची सगळी मोकळी जागा दंडासकट उचलून एक टिंब ठेवतो. वर्डमध्ये काम करणाऱ्यांनी चौथ्या टप्प्यासाठी आधी मोकळी जागा आणि ^u2404 असा जोडशोध चालवावा आणि मग नुसता ^u2404.

उभी रेघ मात्र हातानेच तपासावी. ती तक्त्यात, सूत्रात किंवा शीर्षकातल्या विभाजनासाठी रास्तपणेही आलेली असते. नमुन्यातल्या 'हो|' मधली रेघ चुकीची आहे हे माणसाला एका नजरेत कळते, पण त्यासाठी सूत्र लिहायला बसणे म्हणजे वेळ घालवणे.

उलट दिशेचा प्रयोग, म्हणजे सगळ्या टिंबांचे दंड करणे, कधीच करू नये. नमुन्यातला '५।१' अशाच कोणाच्या तरी उद्योगातून जन्मलेला असतो. दंड वाक्याखेरीज दुसरीकडे क्वचितच येतो, टिंब मात्र लघुरूपांत, दशांशांत, वेळेत आणि संकेतस्थळांच्या पत्त्यांत सगळीकडे असते. वाक्ये तोडणाऱ्या यंत्राला दंड सोपा जातो आणि 'डॉ.'नंतर ते फसते, हे खरे आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे पुढच्या अक्षरावरून त्याला अंदाजही बांधता येत नाही. पण त्यावर उपाय म्हणजे यंत्राला लघुरूपांची यादी देणे. वाचकाला अनोळखी चिन्ह देणे हा उपाय नव्हे. लघुरूप वाक्याच्या शेवटी आले तर टिंब एकच राहते. 'कापूस, ताग इ.' यापुढे आणखी एक टिंब नको.

इथवरचे काम अर्ध्या तासाचे आहे. खरा वेळ प्रश्नचिन्हाला द्यावा लागतो, कारण तिथे चूक चिन्हात नसते, वाक्याच्या रचनेत असते.

नमुन्यातले सहावे वाक्य पाहा. 'ग्रहण कधी लागेल हे गणिताने आधीच सांगता येते?' यात 'कधी' आहे म्हणून कोणीतरी प्रश्नचिन्ह दिले. पण हे विधान आहे. मराठीत प्रश्नार्थक भाग वाक्याच्या पोटात सहज बसतो आणि त्याला 'हे', 'ते', 'याचा', 'त्याबद्दल' असा शब्द उचलून धरतो. तो शब्द दिसला की नजर थेट शेवटच्या क्रियापदावर न्यावी. 'तो कधी येणार हे मला माहीत नाही.' इथे शेवटी विधान आहे, म्हणून पूर्णविराम. 'तो कधी येणार हे तुला माहीत आहे का?' इथे शेवटी प्रश्न आहे, म्हणून प्रश्नचिन्ह. पोटातल्या 'कधी'ने दोन्हीकडे काहीच ठरत नाही. वाक्यात 'कोण', 'काय', 'का', 'कसे' आढळले की प्रश्नचिन्ह सुचवणारी साधने इथेच चुकतात, आणि 'कोण काय म्हणते याकडे लक्ष देऊ नका' अशा साध्या आज्ञेलाही प्रश्न ठरवतात.

याच्या उलट चूकही तेवढीच होते. उत्तर अपेक्षित नसलेला प्रश्नही रचनेने प्रश्नच असतो. 'असे कसे म्हणता येईल?' आणि 'हे कोणाला ठाऊक नाही?' यांना पूर्णविराम दिला की वाक्याचा सूर पडतो. विनंतीवजा 'जरा दार लावता का?' यालाही प्रश्नचिन्हच हवे. मात्र 'काय पाऊस पडला!' आणि 'किती सुरेख जागा ही!' ही प्रश्नशब्दांनी सुरू होऊनही उद्गार आहेत. 'का कोण जाणे, तो गप्पच बसला.' यात 'का' आणि 'कोण' दोन्ही आहेत, तरी हे सरळ विधान आहे. अशा ठिकाणी वाक्य मोठ्याने वाचावे. शेवटी आवाज कुठे जातो ते कानाला कळते. त्याहून चांगली परीक्षा आम्हाला तरी सापडलेली नाही.

मराठीची सगळ्यांत चिवट अडचण 'असा प्रश्न पडतो' या शेपटीची आहे. नमुन्यात 'ते का होत नाही ? असा प्रश्न अनेकांना पडतो' असे आहे. प्रश्नचिन्हाने वाक्य संपले, मग 'असा प्रश्न अनेकांना पडतो' हे तुकड्यासारखे उरले. आपली भाषा आधी बोलणे सांगते आणि मग 'असे म्हणाला', 'असे विचारले', 'असा प्रश्न' हे जोडते. म्हणून वाक्याच्या मध्येच प्रश्नाचा शेवट येतो. इथे दोन मार्ग आहेत. प्रश्न जसाच्या तसा उद्धृत करायचा असेल तर त्याला अवतरणचिन्हांत ठेवून आत प्रश्नचिन्ह द्यावे: 'प्रत्येक पौर्णिमेला ते का होत नाही?' असा प्रश्न अनेकांना पडतो. अवतरण नको असेल तर प्रश्नचिन्ह काढून स्वल्पविराम द्यावा: प्रत्येक पौर्णिमेला ते का होत नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. माहितीपर लेखात दुसरा मार्ग अधिक शांत वाटतो. कोणताही निवडा, पण एका लेखात दोन्हींची सरमिसळ कारणाशिवाय करू नका. अवतरणाशिवाय मध्येच प्रश्नचिन्ह टाकून 'असा प्रश्न' पुढे ओढणे हा तिसरा मार्ग वर्तमानपत्री घाईत फार चालतो. तो आम्ही दुरुस्त करतो.

अवतरण वाक्याच्या शेवटी आले तर चिन्ह एकच. तिने विचारले, "कधी येणार?" यापुढे पूर्णविराम नको. प्रश्न बाहेरच्या वाक्याचा असेल तर चिन्ह अवतरणाबाहेर जाते: तो खरेच "मी येतो" म्हणाला का? प्रश्नांची माळ असेल तर 'कोण आले, कधी आले, कशासाठी आले?' असे शेवटी एकच प्रश्नचिन्ह पुरते. '.?' आणि '??' यांना लेखात जागा नाही. प्रश्नचिन्हाआधी मोकळी जागा सोडू नये, नंतर एक सोडावी. शीर्षकाला पूर्णविराम देत नाहीत, पण शीर्षक प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह ठेवतात.

हे सगळे लावल्यावर नमुना असा होतो:

"चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते. पण प्रत्येक पौर्णिमेला ते का होत नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. याचे कारण चंद्राच्या कक्षेचा कल आहे. हा कल सुमारे ५.१ अंशांचा असतो. ग्रहण कधी लागेल, हे गणिताने आधीच सांगता येते. ते उघड्या डोळ्यांनी पाहावे का? हो."

उताऱ्यात प्रश्नशब्द तीन वाक्यांत आहेत आणि प्रश्नचिन्ह उरले आहे एकच. यंत्राने यातले दंड आणि '५।१' दुरुस्त केले असते. बाकीचे निर्णय वाक्य वाचूनच घ्यावे लागले.

आपल्याकडे आमची मागणी दोन गोष्टींची आहे. आपल्या लेखनशैलीच्या टिपणात एवढे लिहून ठेवावे: गद्यात पूर्णविराम, जुन्या पद्यात आणि मूळ हिंदी-संस्कृत अवतरणात दंड, लघुरूपाला साधे टिंब. आणि तपासणीच्या क्रमात प्रश्नचिन्हांसाठी एक स्वतंत्र वाचन ठेवावे. त्या वाचनात शोधपेटीत '?' टाकून प्रत्येक ठिकाणी थांबावे, आणि मग 'का', 'कधी', 'कसे', 'कोण', 'काय' शोधून जिथे प्रश्नचिन्ह नाही तिथेही थांबावे. पहिल्या फेरीत फाजील चिन्हे सापडतात, दुसऱ्या फेरीत राहून गेलेली. 'का' शोधताना 'काम' आणि 'काल'ही सापडतील, म्हणून 'पूर्ण शब्द' हा पर्याय निवडावा. शेवटी हलवून ठेवलेले श्लोक आणि अवतरणे परत जागेवर आणावीत आणि दंडाचा शोध पुन्हा एकदा चालवावा. आता तो फक्त त्यांच्यातच सापडायला हवा.

आपले,
मराठी मुद्रितशोधनाचे काम करणारे काही जण